क्लोरीन टोनर रूमचा बो-टाय काढलाय, कुणी बघून सांगेल का?

गोविंद_फिल्टरप्लांट
नमस्कार मंडळी. परभणी-हिंगोली पट्ट्यातल्या एका नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी ठेकेदारातर्फे सुपरवायझर आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी टोनर रूमचा, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या टाक्या ठेवतो त्या खोलीचा, बो-टाय काढून भिंतीवर लावायला सांगितलाय. बो-टाय म्हणजे मधल्या गाठीत अपघात, डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम आणि रेषांवर अडथळ्यांचे चौकोन असं चित्र. मी एक काढलाय. पण तो नुसता भिंतीसाठी नको आहे, रात्रपाळीच्या पोरांना उपयोगी पडावा असं वाटतं, म्हणून इथे मांडतो.

मधल्या गाठीत लिहिलंय: "क्लोरीन टोनरबाहेर आला". डावीकडे चार कारणं. उन्हाळ्याची उष्णता, टोनर बदलताना जोडातून गळती, गंजून व्हॉल्व्ह किंवा नळी फुटणं आणि चेन-पुलीवरून टोनर पडणं. त्यांना अडवायला शेड, एक्झॉस्ट फॅन, ट्रेनिंग, एसओपी, सूचनाफलक, हातमोजे आणि मास्क. उजवीकडे तीन परिणाम: ऑपरेटरला बाधा, वस्तीत वायू जाणं, गावचं पाणी बंद पडणं. त्यांच्यासाठी गळतीचा अलार्म, वायू कॉस्टिक सोड्यात शोषून घेणारा स्क्रबर, पाण्याचा फवारा, अग्निशमन आणि ग्रामीण रुग्णालय.

खोलीत ९०० किलोचे तीन टोनर असतात. एक चालू, एक भरलेला राखीव, एक रिकामा. प्लांट १० एमएलडीचा, म्हणजे रोज एक कोटी लिटरचा आहे, रोज साधारण २५ किलो क्लोरीन लागतो. स्क्रबरच्या टाकीत २००० लिटर कॉस्टिक आहे, १० टक्क्यांचं. जनरेटर नाही. भिंतीपासून दोनशे मीटरवर वस्ती आणि जिल्हा परिषदेची शाळा आहे. चूक असेल तिथे बिनधास्त सांगा.

दत्ता_डेअरी
गोविंदभाऊ, पाण्याच्या फवाऱ्याला मात्र पहिला नंबर द्या. आमच्या दूध शीतकरण केंद्रात अमोनियाची लाइन आहे. एकदा पॅकिंगमधून वायू सुटला तेव्हा आम्ही दोन बाजूंनी पाण्याचा पडदा धरला आणि अर्ध्या तासात वास बसला. फायर ब्रिगेडवालेही हेच सांगतात. टोनरवर सरळ पाइप धरा, काही होत नाही.

शुभदा_वाळूज
दत्ताभाऊ, तुमचा अनुभव अमोनियासाठी बरोबर आहे, कारण अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो. क्लोरीन तसा विरघळत नाही. वीस डिग्रीच्या एक लिटर पाण्यात जेमतेम सात ग्रॅम जातो. गळतीच्या जागी पाणी मारलं तर दोन गोष्टी एकदम होतात. पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल तयार होतं आणि ते लोखंड खातं, म्हणजे सुईएवढं भोक मोठं होत जातं. शिवाय उणे ३४ डिग्रीला उकळणाऱ्या द्रवाला पाणी उष्णता देतं, म्हणून तो जास्त जोरात उकळतो. गोविंद, तो चौकोन आजच खोडा. रात्री घाबरलेला माणूस भिंतीवरचं वाचून पाइप उचलेल.

माझी नोकरी आधी क्लोर-अल्कलीत आणि मग वाळूजला सेफ्टीत झाली. बाकीच्यावर रात्री सविस्तर लिहिते.

सेफ्टी_नांदेड
बो-टाय दिसायला छान असतो, पण आकडा कुठाय? आधी हिरा शीट, म्हणजे धोक्यांना आकडे देणारा तक्ता, करा. शक्यता ३, तीव्रता ५, गुणाकार १५, लाल रंग. मग ट्रेनिंग आणि पीपीई लावून शक्यता १ वर आणा, गुणाकार ५, हिरवा रंग. ऑडिटरला हेच लागतं. तुमचे अडथळे मला ठीक वाटतात. उलट डावीकडे एकेका कारणाला सात-सात चौकोन आहेत, चांगलंच आहे.

गोविंद_फिल्टरप्लांट
साहेब, हिरा शीट आमच्याकडे आहे. फाइलला आहे. पण त्यात ट्रेनिंग लिहिलं की १५ चे ५ होतात, हेच मला पटत नव्हतं. ट्रेनिंग घेतलेला मुलगा जूनमध्ये सोडून गेला, तरी शीट हिरवीच आहे.

शुभदा_वाळूज
गोविंद, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. सेफ्टी_नांदेड यांचं एवढं खरं की बो-टाय आकडा देत नाही, कोणतं काम आधी करायचं यासाठी शीट लागते. पण सात चौकोन म्हणजे सात अडथळे नव्हेत.

मी कोणत्याही चौकोनाला तीन प्रश्न विचारते. बाकी सगळं फसलं आणि हा एकटाच उरला, तर ती साखळी इथे तुटेल का? शेजारचा चौकोन ज्या कारणाने पडेल त्याच कारणाने हाही पडणार आहे का? आणि हा आज शाबूत आहे हे कोण, कशावरून, किती दिवसांनी बघतं? तिन्हींना उत्तर असेल तरच तो रेषेवर बसतो.

सूचनाफलक गळती थांबवत नाही. एसओपी कागद आहे. ट्रेनिंगमुळे माणूस वॉशर नीट बसवतो, म्हणजे अडथळा झाला "नवा वॉशर बसवून जोड तपासणं" आणि ट्रेनिंग त्याला खालून धरून ठेवणारी गोष्ट. तिची जागा रेषेखाली, छोट्या अक्षरात. हातमोजे-मास्क डावीकडे नकोतच, ते गळती होऊच नये यासाठी काहीही करत नाहीत. एक्झॉस्ट फॅनही क्लोरीन बाहेर आल्यावरचा आहे, तोही उजवीकडे. आणि उजवीकडे नेला तरी एक प्रश्न राहतो: तो फॅन हवा स्क्रबरमध्ये ढकलतो की भिंतीबाहेर, वस्तीकडे?

भोपाळचं उदाहरण यासाठी मी नेहमी देते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या टाकीला कागदावर चार संरक्षणं होती. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली. वायू जाळणाऱ्या फ्लेअरची नळी दुरुस्तीसाठी काढलेली. स्क्रबर स्टँडबायवर. आणि पाण्याचे फवारे, ते वायू जिथून निघत होता तिथवर पोचलेच नाहीत. त्या कारखान्याचा बो-टाय कुणी काढला असता तर तो भरगच्च दिसला असता.

आता तुमच्या चारपैकी एकच रेषा घेऊ, टोनर बदलतानाची गळती. फिल्टर प्लांटवर सगळ्यात जास्त वेळा होते ती हीच. तुमच्याकडे टोनर प्रत्यक्षात कसा बदलतात ते जसंच्या तसं लिहा. एसओपीत आहे ते नको, पोरं करतात ते.

माणिक_वसमत
आमच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची याचं पण कुणी सांगा ना. दर पावसाळ्यात अंदाजाने टाकतो. हा क्लोरीन तोच ना?

मीनल_बीड
माणिकदादा, ब्लीचिंगचं वेगळा धागा काढून विचारा, तिथे नक्की सांगते. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून ठेवा. इथला क्लोरीन दाबाखालचा द्रव आहे, ते प्रकरण निराळं आहे.

गोविंद_फिल्टरप्लांट
ताई, जसंच्या तसं लिहितो. टोनर साधारण महिन्याने-सव्वा महिन्याने संपतो. संपतो तेव्हा क्लोरीनचा प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरमधला गोळा खाली बसतो, आणि ते बहुतेक रात्री नाहीतर पहाटे लक्षात येतं. पाळीवर एक ऑपरेटर आणि एक मदतनीस. रिकाम्या टोनरचा व्हॉल्व्ह बंद करतात, पिगटेल, म्हणजे टोनरला जोडलेली लवचीक नळी, सोडवतात, चेन-पुलीने भरलेला टोनर रोलरवर घेतात, पिगटेल जोडतात, पान्याने आवळतात आणि व्हॉल्व्ह उघडतात. वास आला तर अजून आवळतात. वॉशर शिशाचा आहे. नवा असेल तर नवा, नसेल तर जुनाच उलटा करून. अमोनियाची बाटली कपाटात आहे, पण तिचा वास आता फारसा येत नाही.

पाण्यात क्लोरीन सोडणारा क्लोरिनेटर भिंतीवर आहे. टोनर ते भिंत साधारण आठ फूट तांब्याची पिगटेल आणि नळी.

अण्णा_निवृत्त_ऑपरेटर
गोविंदा, मी अशाच प्लांटवर उभी नोकरी काढली. शिशाचा वॉशर एकदा दबला की त्याच्यावर दातऱ्या पडतात. तो उलटा केला तरी पुन्हा बसत नाही. मग माणूस आवळत सुटतो आणि व्हॉल्व्हच्या तोंडाची पितळ दबते. पुढचा टोनर नव्या वॉशरनेही गळतो मग. खिशात दहा वॉशर ठेवायचे, महाग नसतात.

आम्ही असं करायचो बघ. जोडून झालं की व्हॉल्व्ह पाव आटा उघडायचा आणि लगेच बंद करायचा. आता नळीत चिमूटभरच गॅस अडकलाय. मग काडीला कापूस गुंडाळून, अमोनियात बुडवून जोडाजवळ धरायचा, नुसती वाफ लागली पाहिजे, थेंब टेकवायचा नाही, पितळ खराब होते. पांढरा धूर निघाला की गळती. निघाला तर काय, नळीतला तेवढाच गॅस बाहेर येणार, टोनरचा व्हॉल्व्ह तर बंदच आहे. धूर नाही निघाला तरच सावकाश उघडायचा. तुझ्या पोरांना वास व्हॉल्व्ह उघडल्यावर येतो, म्हणजे तोवर नऊशे किलो मागे उभा असतो. आणि बाटली बदल लगेच, उडून गेलेल्या अमोनियाला धूर निघत नाही, गळती असली तरी.

शुभदा_वाळूज
अण्णांनी लिहिलं तो खरा अडथळा. एकटा उरला तरी साखळी तुटते, विजेवर चालत नाही आणि तपासता येतो. रजिस्टरमध्ये टोनर नंबरसमोर दोन रकाने आखा, "नवा वॉशर" आणि "पाव आट्याची अमोनिया चाचणी", आणि जुना वॉशर चिमट्याने चपटा करून डब्यात टाकायला सांगा. महिन्याअखेर डब्यातले वॉशर आणि बदललेले टोनर मोजले की जुळतात की नाही ते दिसतं. अमोनियाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख.

दुसरी गोष्ट तुमच्या आठ फुटांची. क्लोरिनेटर भिंतीवर असल्यामुळे टोनरपासून भिंतीपर्यंतची सगळी नळी दाबाखाली असते. उन्हाळ्यात खोली ४० डिग्रीला गेली की तो दाब १० बारच्या आसपास असतो. व्हॅक्यूम रेग्युलेटर थेट टोनरच्या व्हॉल्व्हवर बसवता येतो. मग पुढची सगळी नळी निर्वाताखाली राहते. ती फुटली तर क्लोरीन बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि रेग्युलेटर बंद होतो. लाइट गेली आणि निर्वात तयार करणाऱ्या इंजेक्टरचा पंप थांबला तरी तो आपोआप मिटतो. चार सूचनाफलकांच्या जागी हा एक चौकोन लिहा.

वीज हा मोठा विषय आहे, त्यावर उद्या लिहिते.

सेफ्टी_नांदेड
रेग्युलेटरचं मान्य. पण ट्रेनिंग अडथळा नाही हे मला अजून पूर्ण पटत नाही. अण्णांची चाचणीसुद्धा माणूसच करतो ना? मग तो अडथळा आणि ट्रेनिंग नाही, हा फरक शब्दांचा झाला.

शुभदा_वाळूज
चाचणीत माणूस काहीतरी बघतो, ठरवतो आणि करतो: धूर दिसला, जोड नाकारला, व्हॉल्व्ह बंद ठेवला. ती कृती झाली की नाही हे दुसऱ्या दिवशी तपासता येतं. ट्रेनिंगचं प्रमाणपत्र त्या रात्री काहीच करत नाही. तरी तुमचा मुद्दा एका जागी खरा आहे. माणसाने करायचा अडथळा यंत्रापेक्षा कच्चा धरायलाच हवा, आणि एकाच दमलेल्या माणसावर दोन चौकोन टेकले असतील तर ते दोन नाहीत, एकच आहे.

अण्णा_निवृत्त_ऑपरेटर
उष्णतेच्या रेषेबद्दल बोलू का? गोविंदाने "उन्हाळा" लिहिलंय. लई लोक लिहितात. मराठवाड्याचा उन्हाळा कडक, ४३-४४ ला हवा जाते हे खरं, पण सावलीतल्या टोनरला त्याने काही होत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना तीन-तीन प्लग असतात, ते ७० ते ७४ डिग्रीला वितळतात. सावलीत तेवढं तापत नाही. मी धोका बघितला तो दुसऱ्या दोन गोष्टींचा. टोनर रूमच्या मागे वाळलेलं गवत नाहीतर कचरा पेटवणं, आणि खोलीत वेल्डिंग करणं. म्हणून "उन्हाळा" खोडून "आग किंवा बाहेरची आच" लिही आणि तिच्यासमोर गवत काढलेला पट्टा लिही. आणि शेड नावालाच असेल, टोनर उन्हात पडत असतील, तर ते वेगळं, तिथे पत्रा भाजतो तसा टोनरही भाजतो.

आता माझा प्रश्न. तो प्लग डावीकडे लिहायचा का? कारखानेवाले म्हणतात तो सुरक्षेसाठी असतो.

शुभदा_वाळूज
अण्णा, या प्रश्नावर आमच्याकडे जाणत्या लोकांतही वाद झालेले आहेत. प्लग वितळतो तो टोनर फुटू नये म्हणून. म्हणजे गाठीत "टोनर फुटला" असेल तर तो डावीकडचा अडथळा. पण गोविंदने गाठीत "क्लोरीन टोनरबाहेर आला" लिहिलंय, आणि प्लग वितळला की तेच होतं. तिथे तो अडथळा म्हणता येत नाही. मी स्वतः तो उजवीकडे घालते, "मोठा स्फोट होण्याऐवजी गळतीवर निभावतं" अशा अर्थाने.

अण्णा_निवृत्त_ऑपरेटर
मला तो कारणांतच हवा. प्लगच्या आट्याभोवती ओल राहिली की तिथून गंज सुरू होतो, आणि तिथून झिरपताना मी पाहिलंय, आच-बीच काही नसताना. तपकिरी चिकट काहीतरी दिसलं प्लगच्या कडेला, की तो टोनर परत पाठवायचा. त्याला सुरक्षा म्हणून चौकोन दिला तर पोरं त्याच्याकडे बघणारच नाहीत.

शुभदा_वाळूज
गंजलेला प्लग कारण म्हणून डावीकडे, ते मान्य. वितळणारा प्लग कुठे यावर आपलं जुळत नाही. गोविंदने गाठ काय ठरवलीय त्यावर ते अवलंबून आहे, त्यालाच ठरवू दे.

मीनल_बीड
मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे स्क्रबरच्या आकड्याकडे लक्ष गेलं. एक किलो क्लोरीन पूर्ण शोषायला साधारण १.१३ किलो कॉस्टिक सोडा लागतो. तुमच्या टाकीत २००० लिटर द्रावण आहे, १० टक्क्यांचं म्हणजे वजन साधारण २२०० किलो आणि त्यात कॉस्टिक २२० किलो. भागून बघा, ते १९५ किलो क्लोरीन पिऊ शकतं. तेही द्रावण ताजं असेल तर. उघड्या टाकीतलं कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कार्बोनेट होतं आणि त्याचा जोर कमी होतो. एक पूर्ण टोनर शोषायचा तर हजार किलोहून जास्त कॉस्टिक लागेल, म्हणजे आहे त्याच्या जवळपास पाचपट.

शेवटच्या वेळी टाकीचं टायट्रेशन, म्हणजे कॉस्टिकचा जोर मोजणं, कधी केलं होतं?

गोविंद_फिल्टरप्लांट
मीनलताई, टाकी भरल्याची नोंद आहे, तपासल्याची नाही. प्रयोगशाळा आमचीच आहे, ब्युरेट आहे, उद्याच करून घेतो. म्हणजे स्क्रबरचा चौकोन पुसायचा का?

मीनल_बीड
पुसू नका. त्यात लिहा, "जोडाची किंवा नळीची गळती, १९५ किलोपर्यंत". जोड गळत असेल आणि व्हॉल्व्ह वेळेत मिटवला तर यापेक्षा खूपच कमी क्लोरीन येईल. पण टोनर पडून व्हॉल्व्ह मोडला, तर त्या रेषेवर या टाकीच्या भरवशावर राहता येणार नाही. आणि कॉस्टिक संपल्यावरही पंखा चालूच ठेवला तर तुम्ही क्लोरीन खोलीतून काढून थेट चिमणीतून बाहेर सोडाल.

शुभदा_वाळूज
मीनलने जे केलं ते मला प्रत्येक चौकोनासाठी हवं असतं. आता वीज. उजवीकडचे तुमचे चौकोन बघा: अलार्म, स्क्रबरचा पंखा, कॉस्टिकचा पंप, खोलीतला दिवा. चारही एकाच फीडरवर आहेत. जनरेटर नाही म्हणता. आपल्याकडे वळवाच्या वादळात लाइट जाते आणि तासन्‌तास येत नाही. म्हणजे चार अडथळे दिसतात, पण तार एक तुटली की शून्य. मी तुमच्या जागी असते तर त्या चारही चौकोनांखाली एकच लाल रेघ ओढून तिच्यावर "वीज" लिहिलं असतं. मग मुख्याधिकाऱ्यांकडे जनरेटर मागताना अर्ज लांबलचक लिहावा लागत नाही, चित्रच बोलतं. निदान स्क्रबर आणि अलार्मपुरता छोटा जनसेट आणि अलार्मला बॅटरी. अलार्मचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर आहे ना तेही बघा. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो, छताजवळ लावलेल्या सेन्सरला तो उशिरा कळतो.

त्याचबरोबर विजेशिवाय चालणारं काहीतरी उजवीकडे हवंच. टोनर आडवा असतो, वरच्या बाजूला वायू, खाली द्रव. भोक खालच्या बाजूला असेल तर द्रव बाहेर पडतो, आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरहून जास्त वायू होतो. टोनर रोलरवर फिरवून भोक वर आणलं की त्याच भोकातून फक्त वायू येतो, कितीतरी पट कमी. त्यासाठी रोलर फिरते हवेत, पाठीवरच्या सिलिंडरवाले श्वसनसंच घातलेली दोन माणसं हवीत आणि टोनरचं इमर्जन्सी किट. कॅनिस्टरचा मास्क घालून कुणी आत जायचं नाही, हवेत किती क्लोरीन आहे ते माहीत नसताना तो मास्क कामाचा नाही. १० पीपीएमलाच जीव धोक्यात येतो आणि गळत्या टोनरशेजारी त्याच्या कितीतरी पट असतो.

तुमच्याकडे असे दोन संच आहेत का?

गोविंद_फिल्टरप्लांट
एक आहे. ऑफिसच्या कपाटात, कुलपात. किल्ली दिवसपाळीकडे.

अण्णा_निवृत्त_ऑपरेटर
म्हणजे रात्री नाहीच. टोनर रूमच्या दाराशेजारीही ठेवू नको, गळती झाली तर तिथवर जाता येणार नाही. वारा ज्या बाजूने येतो तिकडे, दूर, पंपहाऊसच्या भिंतीला, काचेच्या पेटीत.

आणि एक. प्लांटच्या मागे जुना टोनर पडलेला आहे का बघ. शिवडीला जुलै २०१० मध्ये बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन सुटला होता, शंभराहून जास्त लोक दवाखान्यात गेले. रिकामा म्हणतो तो टोनरही रिकामा नसतो. व्हॉल्व्ह नीट मिटवला नाही तर ओली हवा आत जाते आणि आतून गंजतो. तुझ्या चार कारणांत हे नाही.

गोविंद_फिल्टरप्लांट
अण्णा, आहे एक. काटेरी झुडपात, व्हॉल्व्हला टोपी नाही. पुरवठादाराला आजच कळवतो, तोवर तिकडे कुणाला जाऊ देत नाही.

रमाकांत_लातूर
सगळं वाचलं. पण टोनरच कशाला हवा? २०१६ ला आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, टँकर फिरले, तेव्हा ब्लीचिंग आणि हायपोवरच भागवलं. सोडियम हायपोक्लोराइट घ्या, नाहीतर मीठ-पाण्यापासून जागेवर तयार करा. गाठच राहणार नाही.

शुभदा_वाळूज
रमाकांतजी, धोकाच काढून टाकणं हे सगळ्या अडथळ्यांच्या वरचं, त्यात वाद नाही. दोन अडचणी आहेत. हायपो उष्णतेत लवकर मरतो, एप्रिल-मेमध्ये टाकीतला माल लेबलवरच्या टक्क्यांवर राहत नाही आणि मात्रा चुकते. जागेवर तयार करायचं तर पुन्हा वीज. शिवाय हायपोच्या टाकीत चुकून फेरिक अ‍ॅलम किंवा आम्ल ओतलं गेलं तर तिथेही क्लोरीनच सुटतो, टँकरवाला चुकीच्या नळीला जोडतो तेव्हा असंच होतं. म्हणजे गाठ राहते, फक्त लहान होते. छोट्या गावासाठी मला तरी ती लहान गाठ परवडते.

रमाकांत_लातूर
मात्रा चुकली तर पाणी दूषित जाईल, तोही परिणामच की. दहा एमएलडीला काय परवडेल हे दर काढल्याशिवाय सांगता येणार नाही. पण नगरपरिषदेपुढे हा पर्याय ठेवा एवढंच म्हणतो.

सरिता_जिप_शिक्षिका
मी शिक्षिका आहे, माझी शाळा गोविंददादांच्या गावची नाही, पण आमच्याही शाळेमागे फिल्टर प्लांट आहे. चित्रात "वस्तीत वायू" लिहून पुढे "अग्निशमन, रुग्णालय" आहे. मधल्या वेळात शाळेने काय करायचं? मुलं बाहेर काढायची की आत ठेवायची? आमच्या दोन खोल्या पत्र्याच्या आहेत, खिडक्यांना दारं नाहीत.

शुभदा_वाळूज
सरिताताई, हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. पक्की खोली असेल, दारं-खिडक्या लागत असतील आणि ढग छोटा असेल, तर आत राहून फटींना ओले कपडे लावणं बरं, वरचा मजला आणखी बरा. पत्र्याच्या उघड्या खोलीत त्याचा उपयोग नाही. तिथून वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडायचं. वारा ज्या दिशेला जातो तिकडे पळायचं नाही, ढग सोबत येतो. आणि सखल भागात, ओढ्यात उतरायचं नाही, क्लोरीन तिथेच साचतो. प्लांटवर उंच वाऱ्याची पिशवी असेल आणि ती शाळेच्या मैदानातून दिसत असेल तर निर्णय घेता येतो.

अण्णा_निवृत्त_ऑपरेटर
ताई, दोनशे मुलांना वाऱ्याला आडवं चालवणं कागदावर सोपं आहे. मी म्हणतो पक्की एक खोली तरी शाळेत करून घ्यावी.

सरिता_जिप_शिक्षिका
पक्क्या दोन खोल्या आहेत, मुलं १६०. मावतील का ते उद्या पट लावून बघते. पण प्लांटवरून आम्हाला फोन कोण करणार? आजवर कुणी नंबर घेतलेला नाही.

गोविंद_फिल्टरप्लांट
सरिताताई, आमच्याकडेही शाळेचा नंबर नव्हता. आज मुख्याध्यापकांना भेटून आलो.

चित्र पुन्हा काढलंय. टोनर बदलण्याची रेषा आता अशी आहे: टोनर बदलताना जोड गळतो → नवा वॉशर, जुना डब्यात → पाव आटा उघडून अमोनिया चाचणी → (गाठ) क्लोरीन टोनरबाहेर → व्हॉल्व्ह मिटवणं, दोन माणसं, श्वसनसंच → स्क्रबर, १९५ किलोपर्यंत, वीज असेल तर → शाळेला फोन, वाऱ्याची पिशवी. रेग्युलेटरचा चौकोन तुटक रेषेत काढलाय, कारण तो अजून बसलेला नाही. दुसरा श्वसनसंचही तुटक. डावीकडच्या सातच्या जागी या रेषेवर दोन उरले.

टायट्रेशन झालं. १० टक्के म्हणून भरलेलं कॉस्टिक ६.४ निघालं. मीनलताई, मग १९५ चे किती करायचे?

मीनल_बीड
पातळी खाली गेली नसेल आणि तुम्ही फक्त कॉस्टिक मोजलं असेल, कार्बोनेट धरून नाही, तर साधारण १२० किलो. सरळ हिशोबाने १२५ येतात, पण जरा हात राखून १२० धरा. कार्बोनेट वेगळं काढलं नसेल तर बेरियम क्लोराइड घालून फिनॉल्फ्थॅलीनवर पुन्हा करा, आकडा अजून खाली येऊ शकतो.

सेफ्टी_नांदेड
दोनच उरले म्हणजे तुमची शीट लाल होणार, गोविंदराव. मी तरी तुमच्या जागी ते चित्र तसंच साहेबांपुढे ठेवीन. आमच्या तीन साइटवरची स्क्रबरची नोंद मी उद्या मागवतो आहे. वितळणाऱ्या प्लगचं काय केलंत?

गोविंद_फिल्टरप्लांट
गंजलेला प्लग डावीकडे कारण म्हणून घातलाय, दर टोनर उतरवताना बघायचा. वितळणारा अजून कुठेच नाही, पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे. बेरियम क्लोराइड जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून मागवलंय, सोमवारी पुन्हा टायट्रेशन करून आकडा इथे टाकतो.